लेकीला झोपवताना बाबाने काय गुणगुणावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न नव्याने बाबा झालेल्यांचे आहेत. जवळजवळ प्रत्येकजण आधी गाण्यांची यादी मागतो. यादी इथे आहे, पण लहान आहे. माझ्या अनुभवात कोणतं गाणं यापेक्षा ते कोणत्या पट्टीत, किती संथ आणि कुठे धरून म्हटलं यावर जास्त ठरतं. म्हणून प्रश्न ४ आधी वाचलात तरी चालेल. बाकीची बरीच उत्तरं तिथेच परत येतात.

१. आमची मुलगी जेमतेम दहा दिवसांची आहे. तिला गाणं कळतं का? एवढ्यात सुरू करायचं का?

हो, आजपासून करा. कान जन्माच्या बरेच आधी काम करू लागतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ बाहेरचे आवाज ऐकतच असतं. पोटातून जाताना उंच, बारीक आवाज विरतात आणि खालचे आवाज तुलनेने नीट पोचतात. शब्द कळत नाहीत, पण बोलण्याची चाल, चढउतार आणि ठेका पोचतो. ठेक्याची जाण तर अगदी नवजात बाळांतही दिसली आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्या नवजात बाळांना ठेका ऐकवून मधली एक महत्त्वाची मात्रा गाळली, तेव्हा त्यांच्या मेंदूने ती चूक टिपली.

म्हणजे तिला गाण्याचा अर्थ कळत नाही, पण तुमची लय चुकली तर कळते. सूर थोडा हलला तरी चालेल, लय हलवू नका.

२. माझा आवाज जाड आहे आणि मी बेसूर आहे. तरी मीच म्हणायचं की चांगल्या गायकाचं गाणं लावायचं?

तुम्हीच म्हणा. याचं कारण भावनिक जेवढं आहे तेवढंच ध्वनीचंही आहे. पुरुषाच्या साध्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून एवढे खालचे सूर नीट निघतच नाहीत. तुमचं गाणं रेकॉर्ड करून मोबाइलवर ऐका, आवाज पातळ झालेला जाणवेल. तेच गाणं तिला छातीशी धरून म्हटलंत, तर खालचा सूर हवेतून तर जातोच, शिवाय छातीच्या हाडांतून थेट तिच्या गालापर्यंत पोचतो. कुठल्याही महागड्या यंत्रातून ही थरथर मिळत नाही. ज्याला तुम्ही जाड म्हणता, तो आवाज इथे तुमचं भांडवल आहे.

बेसूर असण्याबद्दल एवढंच सांगतो, की दोन-चार सुरांत फिरणारं गाणं घेतलं तर बेसूर व्हायला फारशी जागाच उरत नाही.

३. नुसतं लाडाने बोललं तर पुरत नाही का? गायलाच हवं का?

बोलाच, बोलण्याने भाषा येते. पण रडू थोपवून धरायला गाणं जास्त उपयोगी पडतं. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना त्यांच्या ओळखीची नसलेली, तुर्की भाषेतली गाणी ऐकवली. गाणं चालू असताना बाळं सरासरी नऊ मिनिटं शांत राहिली. नुसतं बोलणं ऐकवलं तेव्हा चार मिनिटांच्या आसपास त्यांची चुळबुळ सुरू झाली. भाषा अनोळखी होती, समोर ओळखीचा चेहरा नव्हता, तरीही एवढा फरक पडला.

४. कोणतंही गाणं अंगाई कसं करायचं? नेमकं काय बदलायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. म्हणून एक चाल घेऊन शेवटपर्यंत करून दाखवतो. ‘ट्विंकल ट्विंकल लिटिल स्टार’ची चाल घेऊ, कारण ती प्रत्येकाच्या कानात आहे. चाल मुळात फ्रेंच आहे, १७६१ साली छापली गेली. इंग्रजी कविता १८०६ची आहे आणि ती या चालीवर नंतर बसली. म्हणजे या चालीवर दुसरे शब्द बसवणारे तुम्ही पहिले नाही.

या चालीचं बलस्थान असं की ती सा ते ध एवढ्या सहा सुरांत संपते. पहिली ओळ ‘सा सा प प ध ध प’, दुसरी ‘म म ग ग रे रे सा’. मधल्या दोन ओळी सारख्याच, ‘प प म म ग ग रे’. मग पहिल्या दोन पुन्हा. कुठे तान नाही, मुरकी नाही. ‘सा’वरून ‘प’वरची एकच मोठी उडी आहे, तीही सोपी.

आता पट्टी. बहुतेक बाबा इथेच फसतात. अंगाई म्हणून आपण जी गाणी ऐकलेली असतात ती बहुतेक बायकांच्या आवाजात, काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास असतात. पुरुष ती त्याच उंचीवर म्हणायला गेला की वरच्या सुराला आवाज ताणतो आणि जोर लागतो. ताणलेला आवाज बाळाला लगेच कळतो. म्हणून असं करा: तोंड मिटून ‘म्’ धरा आणि एकेक सूर खाली उतरत जा. एका ठिकाणी सूर संपून नुसती हवा उरते. तिथून तीन सूर वर या. तो तुमचा ‘सा’. पेटीवर तपासलंत तर बहुतेक पुरुषांचा हा सूर त्यांच्या गायच्या पट्टीच्याही खाली निघतो, आणि ते बरोबरच आहे. इथे कोणाला ऐकवायचं नाहीये, फक्त सहा सूर जोर न लावता म्हणायचेत. खात्री करायची असेल तर ‘ध’ म्हणून बघा. मान वर गेली किंवा भुवया उचलल्या गेल्या, तर ‘सा’ अजून एक सूर खाली घ्या.

मग लय. प्रत्येक सुराला एक सेकंद द्या. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर दोन-तीनदा म्हणून बघा, सुरुवातीला हे असह्य संथ वाटेल. प्रत्येक ओळीत सात सूर आहेत आणि शेवटचा दोन मात्रांचा, म्हणजे ओळ आठ मात्रांची. सहा ओळींच्या अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे एक फेरी अठ्ठेचाळीस सेकंदांची. सहा फेऱ्या झाल्या की जवळजवळ पाच मिनिटं होतात. हा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न ७मध्ये लागेल.

शब्द बसवायचे तर ओळीत सात अक्षरं हवीत. मी माझ्या लेकीसाठी बसवले ते असे:

नीज नीज गं राणी
बाबा आहे उशाला
वारा गेला निजाया
दिवा झाला लहान

आणि पुन्हा पहिल्या दोन ओळी. बघा, न, म, ल, व, र अशी मऊ अक्षरं शक्य तिथे घेतली आहेत. ट, ठ, स, श ही अक्षरं कानाजवळ टोचतात, म्हणून ‘उशाला’ म्हणताना मी ‘श’ जवळजवळ गिळतो.

शेवटी विरवणं. पहिल्या दोन फेऱ्या शब्दांसकट म्हणा. पुढच्या दोन फेऱ्यांत शब्द सोडून नुसतं ‘लू लू’ किंवा तिचं नाव. नंतरच्या दोन तोंड मिटून, ‘म्’वर, आवाज आधीच्या निम्मा. माझी मुलगी तीन महिन्यांची असताना शर्टाचं दुसरं बटण मुठीत धरून ठेवायची. तिसऱ्या फेरीपर्यंत मूठ घट्ट असायची. ‘म्’ सुरू झाला की बोटं एकेक करून सुटायची, करंगळी सगळ्यात आधी. मी डोळ्यांकडे बघत नसे, त्या करंगळीकडे बघत असे.

५. झुलवत झुलवत म्हणायचं तर कोणत्या तालातलं गाणं घ्यावं?

तीन किंवा सहा मात्रांचं, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या वळणाचं. पाळणा एका बाजूला जाऊन परत येतो, तेवढ्यात तीन-तीन मात्रा सहज मावतात. जगभरच्या कितीतरी अंगाया तिनाच्या झोल्यात आहेत. योहान्स ब्राम्सची १८६८ साली छापलेली प्रसिद्ध अंगाईही तशीच आहे. तिन्ही मात्रांना मिळून एकच झोका द्या. प्रत्येक मात्रेला हलवलंत तर ते झुलवणं न राहता हिसके होतात. ट्विंकलसारख्या चारच्या चालीला उभ्याने, पावलागणिक एक सूर असं चालत म्हणणं जास्त जुळतं.

जोराने हलवणं कधीही, कुठल्याही वयात नाही. नवजात बाळाची मान आणि मेंदू ते सोसू शकत नाहीत. रडणं ऐकून स्वतःचा राग चढतोय असं वाटलं, तर तिला पाठीवर सुरक्षित निजवा आणि दोन मिनिटं खोलीबाहेर जा.

६. पुरुषाच्या आवाजातली, ऐकून शिकता येतील अशी गाणी कोणती?

दोन नावं सांगतो. ‘सदमा’ (१९८३) मधलं येसुदास यांनी गायलेलं ‘सुरमई अखियों में’, आणि ‘मुक्ती’ (१९७७) मधलं मुकेश यांचं ‘लल्ला लल्ला लोरी’. पहिलं श्वास कुठे घ्यायचा ते शिकण्यासाठी ऐका. येसुदास ओळ संपवताना सूर तोडत नाहीत, ठेवून देतात. दुसऱ्याचा मुखडा एकदा ऐकला की पाठ होतो. दोन्ही गाणी शिकून झाली की वाद्यं विसरा आणि स्वतःच्या पट्टीत आणा (प्रश्न ४).

७. छातीवर झोपते, पण खाली ठेवलं की डोळे टक्क उघडे. गाणं कुठे चुकतंय?

गाणं बहुधा चुकत नाही, घाई होते. २०२२ साली जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी रडणाऱ्या बाळांवर केलेल्या छोट्या अभ्यासातून एक साधा क्रम सुचवला: कडेवर घेऊन पाच मिनिटं एकसारखं चाला, मग झोपलेल्या बाळाला घेऊन पाच ते आठ मिनिटं नुसतं बसा, आणि मग ठेवा. बाळ जागं होतं ते अंग सुटं होताना, आणि झोप थोडी मुरलेली असली तर टिकते.

गाण्याच्या हिशेबात हे असं बसतं. सहा फेऱ्या चालत. मग बसून फक्त ‘म्’, प्रत्येक ओळीनंतर एक ओळ गप्प. त्यानंतर पूर्ण शांतता, किमान तीन मिनिटं. आता ठेवा, आणि ठेवताना पुन्हा तोच ‘म्’ सुरू करा. पाठ टेकल्यावरही हात तिच्या छातीवर ठेवून एक ओळ पूर्ण करा, मग हात काढा. बहुतेकजण ठेवताना श्वास रोखून गप्प होतात. म्हणजे स्पर्श आणि आवाज दोन्ही एकाच क्षणी जातात. ते वेगवेगळे जाऊ द्या.

झोपवायचं नेहमी पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. आणि एक कळकळीची विनंती: सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत तिला छातीवर घेऊन स्वतः झोपू नका. आपल्याच संथ गाण्याने आपल्यालाही झोप येते, आणि अशी झोप बाळाच्या जिवावर बेतू शकते. पापण्या जड झाल्या की लगेच तिला तिच्या जागी ठेवा.

८. मोबाइलवर गाणं लावायचं झालं तर आवाज किती आणि फोन कुठे?

फोन किमान दोन मीटर लांब, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पाळण्यात किंवा उशाशी कधीच नाही. आवाजासाठी इस्पितळातल्या नवजात कक्षाचं ५० डेसिबलचं माप धरा. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास असतं, म्हणून पाळण्यापाशी उभं राहून हळू बोलून बघा. गाणं तुमच्या बोलण्याखाली दबलं तर ठीक. बाळांना झोपवायला विकली जाणारी आवाजाची यंत्रं २०१४च्या एका तपासणीत मोजली होती. चौदाच्या चौदा यंत्रांनी पूर्ण आवाजावर ही मर्यादा ओलांडली, काहींनी तर ८५च्या पुढे मजल मारली. तेव्हा बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, कानाने ठरवा. हेडफोन आणि इअरफोन तर अजिबात नाहीत.

दुसरी अडचण तुम्हीही एकदा भोगली असेल: अंगाई संपते आणि पाठोपाठ जाहिरात किंवा ढोलताशा वाजतो. एकच गाणं उतरवून ठेवा, फोन विमान मोडवर टाका, पुढचं गाणं आपोआप लागण्याची सोय बंद करा आणि वीस मिनिटांचा टायमर लावा. रात्रभर वाजत ठेवायचं कारण नाही.

९. मी कामासाठी आठवडाभर बाहेर असतो. माझा आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर?

ठेवा, आणि नेहमी म्हणता तेच गाणं, त्याच पट्टीत आणि त्याच लयीत ठेवा. मागे वाद्य नको. खिडक्या बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून, आवाज न चढवता रेकॉर्ड करा. फोन फार जवळ धरला तर श्वासाचे फटकारे येतात. सलग सहा फेऱ्या एकाच दमात करा. एक फेरी करून ती फिरवत ठेवली की जोडावर बारीक खट्ट येतं आणि बाळ नेमकं तिथे दचकतं. वाजवण्याचे नियम प्रश्न ८चेच. आई किंवा जे कोणी सोबत असेल त्यांनी रेकॉर्डिंगबरोबर स्वतः ‘म्’ धरला तर स्पर्शाची बाजू सांभाळली जाते.

१०. बहुतेक अंगायांत ‘बाळा’, ‘राजा’, ‘कान्हा’ असतं. मुलीसाठी शब्द बदलले तर चालतं का?

खुशाल बदला. फक्त मात्रा सांभाळा. ‘राजा’च्या जागी ‘राणी’ जसंच्या तसं बसतं, ‘बाळा’च्या जागी ‘सोने’ किंवा ‘छकुली’तलं ‘छकू’ बसतं. ‘रे’चा ‘गं’ करा. तिचं नाव तीन अक्षरी असेल आणि जागा दोन अक्षरांची, तर एका मात्रेत दोन अक्षरं कोंबण्यापेक्षा आधीच्या शब्दाची काटछाट करा. एकदा बदललेलं मात्र रोज तेच म्हणा. तिला शब्द कळत नसले तरी गाणं रोज तसंच येणं तिला कळतं.

११. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ म्हणू का? म्हणताना माझाच गळा भरून येतो.

संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं हे गाणं बाप लेकीला सांगतो अशा रूपातलं आहे, म्हणून ते जवळचं वाटणारच. पण त्यात शब्द भरपूर आणि गोष्ट मोठी. ते बाबासाठी लिहिलेलं आहे, चार महिन्यांच्या पापण्यांसाठी नाही. दिवसा तिला मांडीवर घेऊन म्हणा, गळा भरून आला तर येऊ द्या. झोपेच्या वेळी फक्त चाल गुणगुणा, कारण भरून आलेल्या आवाजाची लय तुटते (प्रश्न १).

१२. आणि जागेपणीची, खेळवण्याची गाणी?

ती पूर्ण वेगळी ठेवा. जलद, वरच्या पट्टीतली, चेहऱ्यासमोर चेहरा धरून. स्टिव्ही वंडरने लेक आयेशाच्या जन्मानंतर केलेलं १९७६चं ‘इझंट शी लव्हली’ बरेच बाबा झोपवताना लावतात. गाणं आनंदाने उड्या मारणारं आहे, त्याने ती जागी होईल. सकाळी अंग पुसताना लावा. झोपेचं गाणं खेळात वापरलं की त्याची खूण पुसली जाते, म्हणून अदलाबदल टाळा.

१३. गाणं सुरू केलं की ती जास्तच रडते.

आधी भूक, ओलं लंगोट, ताप, पोटदुखी बघून घ्या. त्यातलं काही नसेल तर दोन शक्यता उरतात.

पहिली अशी की ती जोरात रडत असताना तुम्ही फार हळू सुरू करता. तिला ते ऐकूच येत नाही. तेव्हा आधी तिच्या रडण्याच्या थोडं जवळचा वेग आणि आवाज घ्या, सेकंदाला दोन सूर, स्पष्ट शब्द. ती क्षणभर थबकली की तिथून एकेका ओळीने संथ होत प्रश्न ४च्या लयीवर या. संगीतोपचार करणारेही समोरच्याच्या अवस्थेपासून सुरुवात करून त्याला हळूहळू हव्या त्या जागी नेतात.

दुसरी शक्यता, तिला आधीच खूप झालंय. तोंड फिरवणं, बोटं फाकवणं, पाठ ताठ करणं, पुन्हा पुन्हा उचकी अशा खुणा दिसल्या तर गाणं थांबवा, दिवा कमी करा, झुलवणंही थांबवा. मिनिटभराने फक्त ‘सा’ धरा. एकच सूर, चाल नाही.

१४. बाळ वेळेआधी जन्मलंय, अजून अतिदक्षता कक्षात आहे. तिथे गुणगुणू शकतो का?

तिथल्या परिचारिकेला विचारून, हो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा इस्पितळांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईबाबांनी निवडलेली गाणी अंगाईसारखी करून प्रत्यक्ष वापरली होती, आणि बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा चांगला परिणाम दिसला. पण हे प्रशिक्षित संगीतोपचारकांनी केलं होतं. तुम्ही कांगारू पद्धतीने उघड्या छातीशी धरलेलं असताना दोन-तीन सुरांचा ‘म्’, कुजबुजीपेक्षा थोडाच वर, एवढं करा. शब्द नको, झुलवणं नको. पडद्यावरचे ठोके किंवा प्राणवायूचा आकडा हलला तर थांबा. फोनवरचं गाणं तिथे नकोच.

१५. तिच्या ऐकण्याच्या तपासणीत शंका निघाली आहे. मग गाण्याचा काही उपयोग?

आधी तारखा सांभाळा. पहिली तपासणी एक महिन्याच्या आत, नक्की निदान तीन महिन्यांच्या आत आणि गरज असेल तर उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. पहिल्या तपासणीत शंका निघाली म्हणजे बहिरेपण ठरलं असं नाही, पण पुढची तारीख चुकवू नका. तोवर गाणं थांबवू नका. तिचा गाल तुमच्या छातीच्या हाडावर, तिचा तळवा तुमच्या गळ्यावर ठेवा आणि खालचा ‘सा’ लांब धरा. सूर वर गेला की गळ्यातली थरथर बारीक होते, खाली आला की दाट. ती तळव्याने ते ओळखू लागते. मी ज्यांना हे सांगितलं त्या एका बाबांनी नंतर लिहिलं, की आता ती स्वतःच त्यांच्या गळ्याला हात लावते आणि वाट बघते.